तोंडात मावेल असं नाव

आमच्या धंद्याला पाटी नव्हती, कारण ती लावायची सोय नव्हती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडील गेले, घरातला हातमाग बंद पडला, आणि माझ्या थोरल्या भावानं एक जुनी फटफटी घेऊन नागपूरच्या इतवारी बाजारात माणसं पोचवायला सुरुवात केली. मागे एकच माणूस, मांडीवर त्याची पिशवी, आणि अंतर फार तर महालापर्यंत किंवा स्टेशनापर्यंत. दुसरी फटफटी दादाच्या मित्राची होती. त्याचं गिरणीतलं काम सुटलं होतं. तिसरी माझी मोपेड. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो आणि त्याबद्दल साऱ्या जगावर रागावलेला होतो.

दादा परवाना मागायला गेला तेव्हा खिडकीवरच्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. म्हणाला, "दोन चाकाच्या गाडीले टॅक्सीचा परवाना? असा फारमच नाही गा." त्यामुळे आम्ही ओळखीपाळखीच्या लोकांनाच नेत असू. गाडीवर नाव रंगवलं असतं तर पहिल्या चौकातच पोलिसानं बाजूला घेतलं असतं. पण गिऱ्हाईक भरपूर होतं. इतवारीच्या गल्ल्यांत हातगाड्या आणि टेम्पो असे अडकून बसत की सायकलरिक्षातला माणूस बँक बंद होईस्तोवर जागच्या जागी राही. दुकानांचे मुनीम आमच्या मागे बसत आणि चेक वेळेत भरून येत.

आमचा अड्डा एका किराणा दुकानासमोर होता. बोलावण्याचं काम दादाचं. तो ओठ गोल करून शीळ घालायचा. मित्रासाठी तीन आखूड, माझ्यासाठी एक लांब. धान्याच्या पोत्यांची चढउतार चालू असली तरी ती शीळ पलीकडच्या गल्लीत ऐकू येई. लहानपणी घरातल्या मागाच्या खटखटीवरसुद्धा त्याची शीळ ऐकू यायची, आणि आई त्यासाठी त्याला रागवायची.

मग एका उन्हाळ्यात त्याची शीळ बंद झाली. ओठांतून नुसती हवा निघे. मी विचारलं, "काहून दादा, काय झालं?" तर म्हणाला, "जमून नाही राहिलं. वय झालं." तेव्हा तो छत्तिशीचा होता. मी हसलो. आजही स्वतःचं ते हसणं आठवलं की माझा मलाच संताप येतो.

शीळ गेल्यामुळे हाका मारायची पाळी आली. माणसाच्या नावानं हाक मारली तर इतवारीत त्या नावाचे दहा जण वळून बघत. शिवाय किराणा दुकानातल्या फोनवर आता निरोप येऊ लागले होते. समोरचा सांगे, "ते फटफटीवर माणसं नेणारे तुमच्या दुकानासमोर उभे राहतात ना, त्यातल्या एकाला पाठवता का?" एवढं ऐकायला साखर तोलणाऱ्या दुकानदाराला वेळ नव्हता. तो अर्ध्यातच फोन ठेवून द्यायचा. एक दिवस वैतागून म्हणाला, "एक नाव ठेवा ना गा तुमचं. गिऱ्हाइकानं चट म्हटलं, मी पट ऐकलं, असं."

नाव ठेवायचं म्हटल्यावर मला एकदम महत्त्व आलं. घरात शिकलेला मीच. मी एक नवी वही घेतली आणि चाळीसेक नावं काढली. त्यातलं माझं लाडकं होतं 'भरारी'. ते मी पानाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

नाव पारखायची रीत दादाच्या मित्रानं काढली, आणि ती चांगली होती. तो रस्त्यापलीकडे, जिथे हातगाड्या रिकाम्या होत, तिथे पाठ करून उभा राही. अलीकडून एकदाच नाव पुकारायचं. त्यानं मान वळवली तर पास. 'चल', 'सरक', 'झट' असले शब्द पहिल्याच दिवशी बाद झाले, कारण हमाल तेच ओरडत होते. 'जलद सेवा' पहिल्या अक्षरानंतर गोंगाटात बुडालं. 'गरुड' चाललं असतं, पण त्या नावाची बिडी की काडेपेटी काहीतरी होतं म्हणे.

दुसरी परीक्षा दादाची. तो म्हणाला, "आपले गिऱ्हाईक कोन? मुनीम, दलाल, हमालाचे मुकादम. दहातल्या आठाच्या तोंडात खर्रा. खर्रा न थुंकता म्हनता आलं तरच नाव." त्यावर सगळे खूश झाले. नागपुरात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा गालात नाही असा बाजारातला माणूस शोधावा लागे. दादाच्या गालात तर तो सकाळच्या चहापासून असायचा. म्हणून परीक्षक तोच.

मी वही उघडून एकेक नाव वाचायचो, दादा म्हणून बघायचा आणि मान हलवायचा. 'झपाटा' नाही. 'धावता' नाही. पान भरत होतं तसं माझं डोकं फिरत होतं. शेवटी मी 'भरारी' म्हटलं. दादानं प्रयत्न केला. ते 'भ्ररी' असं काहीतरी दातांच्या आतच राहिलं. मित्र आणि दुकानदार हसले.

मी तापलो. म्हटलं, "तू मुद्दाम करून राहिला. आधी खर्रा थुंक, मग बोल."

दादा उठला. नालीपाशी जाऊन थुंकला, दुकानातल्या माठातलं पाणी घेऊन दोनदा चूळ भरली, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मग रिकाम्या तोंडानं म्हणाला, "भ्ररी." तोंड जेमतेम सुपारीच्या खांडाएवढं उघडलं होतं. तो हसला, पण नुसत्या डोळ्यांनी. "राहू दे," म्हणाला. "लंबं आहे."

हे माझ्यासमोर घडलं, हातभर अंतरावर. मला एवढंच दिसलं की थोरल्या भावानं चारचौघांत माझ्या नावाची टिंगल केली. मी 'भरारी'वर काट मारली, इतक्या जोरात की कागद फाटला, आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी नाव त्यानंच आणलं. "मुंगी," तो म्हणाला. ओठ मिटून सुरू होणारं आणि तोंड न उघडता संपणारं. मित्र पलीकडे गेला, दादानं एकदाच पुकारलं, मित्राची मान वळली. दुकानदारानं खर्रा गालात ठेवून म्हणून पाहिलं, जमलं. गल्लीबोळांतून वाट काढत जाणाऱ्या गाडीला शोभतही होतं. मी कुरकुरत म्हटलं, "मुंगी काय, हत्ती ठेवा." पण आठ दिवसांत साऱ्या बाजाराच्या तोंडी ते बसलं. फोन वाजायचा, "मुंगी पाठवा," की ठेवला. कापडबाजारातले लोक गच्चीवरून 'मुंगी' म्हणत आणि आमच्यापैकी कोणीतरी वळे. वर्षभरात आमच्या सहा गाड्या झाल्या.

घरी वहिनी त्याच्या जेवणाचं वेगळंच सांगत होती, पण कोण ऐकतो. सावजी रश्शावर वाढलेला माणूस मिरचीला हात लावेना. पोळी दुधात कुस्करायचा, केळं बोटांनी चेपून खायचा. आम्ही त्याला चिडवायचो, "दादा, पुण्याचा जावई झाला का तू?" तो वहिनीला म्हणायचा, "थोडं पातळ कर वं," आणि ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा.

शेवटी गालात आतून जखम झाली आणि ती भरेना, तेव्हा वहिनीच त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. मी मागून गेलो. डॉक्टर म्हणाले, "तोंड उघडा." म्हणाले, "आणखी." माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, त्याच्या तोंडात एक जेमतेम गेलं. गालांच्या आत दोऱ्यांसारखे ताठ पट्टे झाले होते. सुपारीनं असं होतं, एका दिवसात नाही होत, वर्षं लागतात, असं त्यांनी समजावलं. जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा लागेल म्हणाले. मग विचारलं, "तोंड कमी उघडतंय हे केव्हा लक्षात आलं? बोलताना, शीळ घालताना त्रास झाला असेल."

वहिनी माझ्याकडे बघत होती. रोज बाजारात त्याच्याबरोबर मीच असायचो. मी म्हटलं, "लक्षात नाही आलं." हे खोटंही नव्हतं, तेच जास्त वाईट.

तुकड्याचा निकाल वाईट आला. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. गाल अर्धा गेला, आणि जिभेवरचं बोलणं जवळजवळ सगळं गेलं. 'पाणी' येईना, बायकोचं नाव येईना. एक शब्द तेवढा यायचा. पाणी हवं असलं, कूस बदलायची असली, पंखा बंद करायचा असला, तर खोलीतून हाक यायची, "मुंगी." वहिनी धावायची. मीही वळायचो, सवयीनं, बाजारात वळत होतो तसाच.

एका दुपारी वहिनी आडवी झाली होती आणि मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्यानं बोटानं लिहिण्याची खूण केली. हाताशी कागद नव्हता, म्हणून मी फळीवरची जुनी वही काढून दिली. तीच ती, नावांची. त्यानं ती चाळत नेली आणि काट मारून फाटलेल्या पानावर थांबला. मग पेन्सिल घेऊन काट मारलेल्या शब्दाखाली सावकाश लिहिलं, सातवी पास माणसाच्या गोल अक्षरात:

'हे चांगलं होतं. मले म्हनता येत नव्हतं.'

मी विचारलं, "तुले तेव्हाच मालूम होतं?"

त्यानं मान हलवली, हो. मग पुन्हा पेन्सिल उचलली आणि लिहिलं, 'धंदा नवा होता.'

मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडलो. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मुंगी." त्या वेळी त्याला काय हवं होतं ते मला कळलं नाही. मी उठून पाणी आणलं, त्यानं ते घेतलं नाही.

पावसाळा संपता संपता तो गेला. दिवस झाल्यावर मी अड्ड्यावर गेलो. मित्र हाका घालायला बसला होता. दुकानातला फोन वाजला, दुकानदारानं ऐकलं आणि रस्त्याकडे बघून पुकारलं, "मुंगी." माझी मान वळली.