कोपऱ्यातला अंगठा

ताईच्या शिवणकामाच्या दुकानातली बिलं भावोजी मोबाइलवर स्कॅन करून ठेवायचे. कागद हलू नये म्हणून डाव्या अंगठ्याने दाबून धरायचे, आणि तो अंगठा हटकून बिलाच्या कोपऱ्यात यायचा. "बिल गिऱ्हाइकाचं की तुमच्या अंगठ्याचं?" ताई चिडवायची.

भावोजी गेल्यावर ताई दरवर्षी, हिशेबासाठी जपायची मुदत संपलेल्या एका वर्षाची बिलं मोबाइलमधून पुसत आली. यंदा त्यांच्या शेवटच्या वर्षाची पाळी आली.

"आठ वर्षं झाली, कुठली चौकशीही चालू नाही," हिशेबनीस म्हणाला. "गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर उगाच कशाला सांभाळता? पुसून टाका. फक्त मशीनच्या खरेदीचं बिल ठेवा. मशीन आहे तोवर, आणि विकलं तर त्या वर्षाची मुदत संपेपर्यंत, ते लागतं."

मी मनातल्या मनात त्याच्या नावाने बोटं मोडली. ताईने मात्र बाकीची सगळी बिलं पुसली.

"एक तरी अंगठा राहिला," ती म्हणाली आणि तिने मशीनचं बिल उघडलं. चारही कोपरे मोठे करून पाहिले.

ते बिल कंपनीनेच स्कॅन करून पाठवलं होतं. अगदी सरळ, स्वच्छ.