नवं सिम आणि दगडाबाईचा आवाज

न्हावऱ्याच्या हौसराव आबांचा खाक्याच होता, मोटर अडली की खोलायची आणि पुन्हा बसवायची. सिम खराब झालं म्हणून त्यांनी त्याच नंबरचं नवं घातलं. मग फोनवरचं मेसेजचं ॲप जरा अडलं, तसं रागाच्या भरात ते काढून टाकलं आणि पुन्हा घेतलं. आता ॲप कोड मागत होतं आणि कोड काही येईना. बटण दाबून दाबून वैतागलेले आबा शिरूरला गेले आणि सिम देणाऱ्या विक्रमवर उखडले.

"आबा, नव्या सिमवर चोवीस तास एसेमेस येत न्हाईत, कोडबी त्यातनंच येतो. सारखा मागितला की ॲप आणखी थांबवतं. उद्या लेकीला साधा एसेमेस टाकाया सांगा. तो आला, की एकदाच कोड मागा."

दुसऱ्या दिवशी लेकीचा एसेमेस आला, मग कोडही आला. डेअरीचा ग्रुप परत दिसला. आबांनी घाईनं दगडाबाईचं नाव उघडलं. गेल्या साली वारलेल्या या त्यांच्या बायकोनं पाठवलेला आवाज आधी तिथं होता, "भाकर निवतीया, या की." आता तिथं काहीच नव्हतं.

त्यांनी विक्रमला फोन लावला.

"बॅकअप घेतला होता का, आबा? न्हाई? मग गेलं ते. ॲप काढलं नसतं, तर सिम बदलूनबी राहिलं असतं."



"पुन्हा कोड मागून बघू का रं?"