गुरुवारचा पाचवा तास

माझी मुलगी आठवीत गेली त्या वर्षी आम्ही तिची शाळा बदलली. नवी शाळा पुंडलिकनगरातल्या आमच्या घरापासून चालत जाण्याएवढी जवळ होती, म्हणून. शाळा सुरू झाली तरी वेळापत्रक काही पक्कं होत नव्हतं, आणि पोरगी रोज सगळी पुस्तकं-वह्या दप्तरात कोंबून नेत होती. संध्याकाळी खांदा चोळत घरी यायची. शेवटी एकदाचा वर्गशिक्षिकांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रकाचा फोटो टाकला.

फोटो स्टाफरूमच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्याचा होता. काढणाऱ्यानं घाईत, बाजूला उभं राहून काढलेला. वरच्या ओळी तिरप्या होऊन उजवीकडे निमुळत्या झालेल्या, मधोमध ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. ग्रुपवर लगेच तक्रारी सुरू झाल्या. नीट दिसत नाही, कुणीतरी टाइप करून टाका. मी एका कार्यालयात दिवसभर तक्तेच भरत असते. म्हटलं, मी टाकते.

त्या वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला येऊन काही महिने झाले होते. बिडकीनच्या हायस्कूलमधून मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले होते. आई गेल्यावर मी त्यांना आग्रहानं इकडे आणलं. ते आले, पण पाहुण्यासारखे राहिले. सकाळी पेपर वाचायचे, दुपारी गॅलरीत बसायचे. विचारलं तेवढंच बोलायचे. जेवणात काय हवं विचारलं, तर म्हणायचे, "काहीही चालंल."

मी आधी सोपा मार्ग घेतला. फोनमध्येच फोटोतली अक्षरं उचलायची सोय असते, ती वापरून पाहिली. सगळी अक्षरं आली, पण एकाखाली एक, घसरगुंडीवरून सोडल्यासारखी. सोमवारचं गणित मंगळवारच्या इतिहासाला चिकटलं होतं. 'मधली सुट्टी' ही सहा दिवसांच्या ओळींतून उभी लिहिलेली होती, तिची अक्षरं सुटी सुटी होऊन विषयांमध्ये जाऊन बसली होती. मी वैतागून ते पुसून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर बसले. हातानंच भरायचं ठरवलं. फोटो सरळ केला, कडा कापल्या, उजेड कमी केला.

अण्णा पाणी प्यायला आले होते. माझ्या खांद्यामागं थांबले.

"हे कुणी केलंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, नव्या शाळेचं आहे, आठवीचं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"अक्षराला वळण हाय," म्हणाले. "मोठं कर जरा."

मला एकदम बिडकीनचं घर आठवलं. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की अण्णा समोरच्या खोलीतली सगळी भांडी-बिछाने हलवायला लावायचे. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटवून शाळेच्या वेळापत्रकासाठी मोठा कागद व्हायचा. त्यासाठी आई पिठाची खळ शिजवून द्यायची. लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे कापायचे, प्रत्येक शिक्षकाचा एक रंग. ते तुकडे मांडायचं काम माझं. मी फरशीवर पोटावर पडून मांडत असे. अण्णा वरून बघत असत आणि म्हणत, "एक माणूस एका वेळी दोन वर्गांत उभा राहू शकत नाय, बघ." मग सापडायची चूक. निळा तुकडा तिसऱ्या तासाला नववीतही असायचा आणि सातवीतही. एक बाई पाचोडहून एसटीनं येत. त्यांना अण्णा कधी पहिला तास देत नसत. कुणी विचारलं तर सांगायचे, बस वेळेवर येत नाही त्यात बाईंचा काय दोष. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच कवायत नको, पोरांच्या पोटात दुखतं, हेही त्यांचंच. आई दारात उभी राहून म्हणायची की आम्ही जेवायला कुठं बसायचं ते त्या तक्त्यात लिहा एकदा. आणि मग आम्ही तिघंही ओट्यावर ताटं घेऊन बसायचो. ती जेवणं मला अजून आठवतात. खळीचा वास हाताला असायचा, भाकरीलाही लागायचा.

आमचं काम सुरू झालं. फोटोतल्या तक्त्यात वार डावीकडे खालीखाली होते आणि तास वर आडवे. एका चौकोनात वर विषय, खाली शिक्षकांची आद्याक्षरं. मुलीला मात्र रोजचं दप्तर भरायला सोपं हवं होतं. म्हणून मी प्रत्येक वाराचे वेगळे तीन रकाने केले : तास, विषय, शिक्षक. अण्णा फोटोतून वाचून सांगत होते, मी भरत होते. मुलगी समोर बसून पुस्तकांवर कव्हरं घालत होती.

मंगळवारी विज्ञानाचा चौकोन लांबट होता, दोन तासांत पसरलेला. मी एकदाच लिहिलं. अण्णांनी थांबवलं. "प्रयोगाचा जोडतास हाय तो. दोन्ही ओळींत लिही, नायतर पुढचे सगळे तास एकेक वर सरकतील." खरंच सरकले होते. मंगळवारचा शेवटचा तास माझ्याकडे रिकामा उरला होता. मधल्या सुट्टीला त्यांनी वेगळी ओळ करायला लावली, पण तासाचा आकडा देऊ दिला नाही. शनिवारी सकाळची शाळा, तास कमी. तिथं उरलेल्या ओळी मी काढून टाकल्या.

शिक्षकांच्या अक्षरांत एक घोळ होता. 'पा' दोन ठिकाणी वेगळ्या विषयांसमोर. एक गणिताला, एक चित्रकलेला. मी एकच माणूस धरून चालले होते. अण्णांनी फोटोचा खालचा कोपरा मोठा करायला सांगितला. तिथं बारीक अक्षरांत यादी होती, पा एक आणि पा दोन. चौकोनात तो आकडा इतका बारीक होता की मला शाईचा ठिपका वाटला होता. मुलगी म्हणाली, दोघं वेगळेच आहेत, चित्रकलेचे सर उंच आहेत. आम्ही तिघंही हसलो. अण्णांना हसताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

मग आला गुरुवार. चार तास नीट उतरले. पाचव्यावर बरोबर तो पांढरा पट्टा. आणि नुसता उजेड नव्हता, त्या चौकोनावर चिकटपट्टीही लावलेली असावी, कारण चमक तिथं जास्त होती. कितीही मोठं केलं तरी काही वाचता येईना.

अण्णांनी मला आठवड्याचे सगळे विषय मोजायला लावले. इंग्रजी आणि गणित रोज होते, हिंदी-इतिहास आपापल्या जागी. मराठी बाकी सगळ्या दिवशी होतं, गुरुवारीच नव्हतं.

"मराठीच असणार," मी म्हणाले आणि लिहायला घेतलं. मराठीच्या मॅडमचं अक्षरही टाकणार होते.

"नको," अण्णा म्हणाले. "आपल्याला वाटतंय मराठी. दिसलेलं नाय. वाटलेलं आणि दिसलेलं एकाच शाईनं लिहू नये. प्रश्नचिन्ह टाक, आणि उद्या पोरगी विचारून येईल."

मी त्या ओळीत प्रश्नचिन्ह टाकलं, चौकोन पिवळा केला, आणि खाली लिहिलं की एवढा तास फोटोत दिसत नाही, विचारून कळवते. तक्ता ग्रुपवर टाकला. बऱ्याच पालकांनी हात जोडले. एका आईनं छापून फ्रिजवर लावल्याचा फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी मुलगी उत्तर घेऊन आली. तास मराठीचाच होता. पण शिकवायला कुणी नव्हतं. मराठीच्या मॅडमना नेमका त्याच वेळी दहावीचा तास आला होता. ती टक्कर तक्ता भिंतीवर लागल्यावर लक्षात आली, म्हणून मॅडमच्या अक्षरावर चिकटपट्टी लावली. सध्या त्या तासाला मुलं वाचनालयात बसवतात. वर्गशिक्षिकांनी सांगितलं होतं, दिवाळीनंतर बघू.

मी विषयाच्या रकान्यात मराठी लिहिलं आणि शिक्षकाच्या रकान्यात रिकामं. अण्णा शेजारीच होते. बराच वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले. मग उठून गॅलरीत गेले.

जेवताना त्यांनी विचारलं, "आठवीला मराठीत व्याकरण काय हाय?"

मुलीनं पुस्तक आणून दाखवलं. त्यांनी पान उलटलं, समासाचा धडा बघितला, आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मला काय चाललंय ते कळलं, पण मी बोलले नाही. बोलले असते तर ते नको म्हणाले असते.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच विषय काढला. "बाई, त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटलं तर चालंल का? पगार-बिगार नको. आठवड्याला एक तास रिकामा जातोय पोरांचा."

आम्ही दोघं गेलो. मुख्याध्यापिका वयानं माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी अण्णांना नीट विचारलं, कुठं शिकवलं, किती वर्षं. अण्णांनी कागदपत्रांची पिशवी उघडली, ती मुख्याध्यापिकांनी हातानंच बंद केली आणि म्हणाल्या की कागद हवेतच, पण नंतर दिले तरी चालतील. संस्थेला विचारावं लागेल. आठवडाभरात निरोप आला की दिवाळीपर्यंत या.

त्या गुरुवारी अण्णांनी सकाळीच शर्टला इस्त्री करून घेतली. मी तक्ता उघडून शिक्षकाच्या रकान्यात त्यांचं अक्षर टाकत होते. मुलीला तिथं 'आबा' असं लिहायचं होतं. ते म्हणाले, "शाळेत मी तुझा आबा नाय. बाकीच्यांचं जसं लिहिलंय तसंच लिही." तसंच लिहिलं. पिवळा रंग काढून टाकला.

पहिल्या दिवशी कसा झाला तास, हे मला मुलीकडून कळलं. वर्गात गलका होता. आबांनी सरळ फळ्यावर 'आईवडील' लिहिलं. मग एका मुलाला विचारलं, यात किती माणसं आहेत. पोरं हसली, मग गप्प झाली, मग तास संपेपर्यंत फळा भरून गेला. तिला आधी लाज वाटली होती, मग नाही, असं तिनं सांगितलं.

घरातही बदल झाला. अण्णा बुधवारी संध्याकाळी तयारी करत. मला भाजीत मीठ कमी पडलं तर सांगू लागले. आईची आठवण काढू लागले, खळीची, त्या तक्त्याची. एकदा म्हणाले, "तुझी आई लई वैतागायची. पण तीच रंग निवडून द्यायची, माहीत हाय का तुला?" मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर शाळेनं नवं वेळापत्रक केलं. टक्कर मिटली, मराठीच्या मॅडमचा गुरुवार मोकळा झाला. या वेळी फोटो सरळ आणि स्वच्छ होता. मी कसं सांगू या विचारात होते, पण अण्णांना आधीच कळलं होतं, शाळेतूनच. ते माझ्याजवळ बसले आणि नेहमीसारखे वाचून सांगू लागले. गुरुवारी पाचव्या तासाला मॅडमचं अक्षर त्यांनी इतर अक्षरांसारखंच उच्चारलं. मी लिहिलं.

मग ते म्हणाले, "द्वंद्व झालाय, तत्पुरुष राहिलाय अर्धा." एका कागदावर त्यांनी उदाहरणं लिहिली, सुवाच्य, ओळी सोडून, आणि मॅडमना द्यायला मुलीच्या दप्तरात ठेवली.