हिरव्या पडद्यासमोरचा तिचा फोटो

रोह्यात माझा फोटो स्टुडिओ होता. शाळा चौथीपर्यंत, पण उजेड कुठून घ्यायचा ते मला कुणी शिकवायला लागलं नाय. मागे रंगवलेला पडदा, पुढे स्टूल, यावर माझा संसार झाला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पेणला एका बाईंनी लग्नपत्रिकांसाठी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. त्या म्हणाल्या, काका, मागे गडद हिरवं कापड लावून फोटो काढा. कॉम्प्युटर हिरवा रंग तेवढा उडवतो, मग गिऱ्हाइकाला हव्या त्या जागी बसवता येतं. मी नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या दुकानातून कापड आणलं आणि भिंतीला ठोकलं. खोली अरुंद, त्यामुळे स्टूल कापडाला जवळजवळ टेकलेलं. बाईंनी अंतर ठेवा म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, फोटो मी काढतोय का तुम्ही?

पहिला फोटो बायकोचा काढला. ती डबा घेऊन आली होती, तिलाच बसवलं. मोतिया रंगाची साडी, अर्धे पांढरे झालेले केस, खांद्यावर पदर धरलेला हात.

"मला कुठं नेणार तुमचा कॉम्प्युटर?"

"बोल ना गो, कुठं जायचंय?"

"अष्टमीला. पूल ओलांडला की माहेर, पण तुम्हाला दुकानातून सवड नाय. निदान फोटोत तरी न्या."

मी हसलो आणि बटण दाबलं. पावसाळा सरायच्या आत ती गेली. ताप आला, अंगात राहिला, आणि संपलं. गावातल्या बायकांनी तिच्या हातांत नवा हिरवा चुडा भरला, मळवट भरला. नवऱ्याच्या आधी गेली, नशीबवान, असं माझ्यासमोरच म्हणत होत्या. मी नशीबवान की नाय, ते कुणी विचारलं नाय.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. साऱ्या तालुक्याचे फोटो काढले मी, तिचा मोठा असा हा एकच. तो आणि अष्टमीच्या पुलाचा एक फोटो घेऊन एसटीने पेणला गेलो.

बाईंनी दोन्ही फोटो स्कॅन केले, पूल तिच्या मागे ठेवला आणि हिरव्यावर बोट दाबलं. कापड गेलं. कापडाबरोबर तिच्या बांगड्याही गेल्या. मनगटाच्या जागी आरपार भोक पडलं आणि त्यातून पूल दिसायला लागला. मी मान फिरवली. बायाबापड्या हिरव्या बांगड्या घालूनच फोटोला बसणार, हे ना त्यांना सुचलं होतं ना मला.

त्यांनी सगळं मागे घेतलं. हिरव्याची पकड कमी केली, तर केसांभोवती हिरवी कड राहिली. वाढवली, तर खांदाच उंदरानं कुरतडल्यासारखा झाला. कापड जवळ असल्यानं त्याचा हिरवा उजेड तिच्या केसांवर आणि साडीवर सांडला होता. मग बाई म्हणाल्या, सगळ्या फोटोतलाच हिरवा उतरवते. उतरवला. केस छान रुपेरी झाले, साडी मोतिया झाली, आणि बांगड्या राखेच्या रंगाच्या.

"असा हात नको," मी म्हणालो. "ती सवाष्ण गेली."

बाईंनी तिच्या हाताभोवती रेघ ओढून तो भाग राखून ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून लागल्या. आधी कापड उडवलं. बारीक केस कापले जाऊ नयेत म्हणून कड अर्धवट पारदर्शक ठेवली. मग फक्त केसांतला आणि खांद्यांवरचा हिरवा, लाल-निळ्याच्या बरोबरीला येईल इतकाच उतरवला. खांद्यावर जरा जास्त झाला तेव्हा साडी गुलाबी दिसायला लागली, तो परत चढवला. मशीन मंद होतं. प्रत्येक वेळी आम्ही दोघं वाट बघायचो आणि पडद्यावर ती हळूहळू उतरायची.

शेवटी एक हिरवट डाग राहिला. पदर धरलेल्या हाताच्या खाली, साडीवर. बाईंनी तिकडे नेम धरला.

"हाही सांडलेलाच आहे, काका. काढते."

"तो कापडाचा नाय," मी म्हणालो. "दिवा समोरून होता. बांगडीच्या काचेतून उजेड खाली उतरलाय. तो तिचाच हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला. मग तिच्या मागे पूल ठेवला, त्याच्या पलीकडे अष्टमी.

फोटो अजून समोरच्या भिंतीवर आहे. हार मी स्वतः बदलतो. येणारा-जाणारा सांगतो, काच पुसा, खांद्यावर बुरशी धरलीय. मी काच पुसतो. मग परत बाजेवर बसून त्या डागाकडे बघत राहतो. तिचा हात हलत नाय, म्हणून तो उजेडही जागचा हलत नाय.