बॉयलरची पांढरी धूळ आणि दाजींची बिडी

त्या दुष्काळात ऊसच नव्हता. तेलगावकडच्या आमच्या सहकारी साखर कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप बंद झालं, आणि आम्हा फिटरांना दुरुस्तीचं काम लागलं. वाफेच्या पाइपांवरचा जुना अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप खरवडून काढायचा. तो पिठासारखा उडायचा. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, माझ्याच टोळीत होते. धुळीनं पांढऱ्या झालेल्या मिशांनी ते हसायचे, "बघ बे, म्हातारा झालो!" आणि बिडी पेटवायचे. "बिडीनं खोकला येतो, खोकल्यानं धूळ भायेर पडती," हे त्यांचं शास्त्र. आम्ही सगळे ते मानायचो.

तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. दाजींचा एक्स-रे उजेडावर धरून म्हणाल्या, "ह्या धुळीनं फुप्फुसावर व्रण झालेत. बिडी किती वर्षं?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासनं. पण बाई, धूळ तर बिडीनंच निघती ना?"

"उलटं आहे. श्वासनळीत बारीक केस असतात, ते धूळ वर लोटतात. बिडीचा धूर त्यांनाच लुळं करतो. झाडूवालीला बेशुद्ध करून अंगण झाडायला निघालात तुम्ही! धुळीतले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू विरघळत नाहीत, आतच रुतून बसतात, आणि धुरातलं विष त्यांना चिकटून तिथंच काम करतं. दोन्ही एकत्र आले की कॅन्सरचा धोका बेरजेनं नाही वाढत, गुणाकारानं वाढतो."

 दाजी म्हणाले, "मग गुणाकारातला एक तरी आकडा काढावा लागंल. धुळीचा व्रण जाईल का?"

"नाही. पण बिडी सोडली तर धोका बराच उतरतो."

दाजींनी खिशातला बिडीचा कट्टा थेट बाईंच्या टेबलावर ठेवला. बाई हसल्या, मीही हसलो, आणि हसताना दाजींना खोकला आला म्हणून अजून हसलो.

बाईंनी कारखान्यालाही बजावलं: लेप भिजवल्याशिवाय काढायचा नाही, तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क द्या. मास्क आले. पाणी मात्र कुठून आणायचं? गावात टँकरच्या रांगा. शेवटी यंत्रं थंड करायच्या कुलिंगच्या तळ्यातलं उरलंसुरलं हिरवट पाणी वापरायचं ठरलं.

पहिल्याच सकाळी पाण्याच्या पाइपाचं तोंड निसटलं आणि फवारा थेट आमच्यावर. कित्येक महिन्यांत अंगभर पाणी पडलं नव्हतं! धुळीचा पत्ता नाही, आणि बिडीवाचून डोकं गरगरणारे दाजी चिखलात नाचतायत. "लई झालं, घसराल!" मी ओरडलो आणि मीच आडवा झालो. अख्खी टोळी वेड्यासारखी हसत होती.

दाजींना जिना चढताना आजही दम लागतो. व्रण आहेतच. पण बिडी परत ओठाला लागली नाही. नातवाच्या लग्नात वरातीपुढं नाचले, मधे मधे बसून, पण नाचले.