वाचून दाखवलेलं नाव

दिवाळी सरली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की नाटक आलं आणि नाटक म्हटलं की पोस्टर आलं. मोहाडीत माझं पोस्टरं-पत्रिका करायचं दुकान आहे, त्यामुळे त्या दिवसांत मला जेवायलाही फुरसत नसते. या धंद्यात एक गोष्ट मात्र पक्की शिकलो. मंडई भरवणाऱ्या मंडळाच्या माणसाला पोस्टर कधीच पुरेसं भडक वाटत नाही.

गेल्या मंडईला सिहोऱ्याकडच्या एका गावाचं काम होतं. नाटक कंपनीचे मालक मजकूर घेऊन आले, सोबत एक बाई होत्या. पन्नाशीच्या असतील. आयुष्यभर त्यांनी मोलकरणी, शेजारणी, गर्दीतल्या बाया केल्या आणि पोस्टरवर त्यांचा मुक्काम कायम ‘व इतर कलाकार’मध्ये. या खेपेला आईची मुख्य भूमिका मिळाली होती. मालकांनी हौसेने त्यांना रंगभूमीसाठी नवं नाव दिलं होतं, भारदस्त, जोडाक्षरांचं. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. घरचं नाव सहीपुरतं लिहीत, बाकी संवाद सारे ऐकून पाठ. हे नवं नाव त्यांनी कुठे लिहिलेलं पाहिलंच नव्हतं. ‘‘छापून आलं का मी एक पोस्टर घरी लावीन,’’ एवढंच त्या बोलल्या आणि लाजल्या.

पोस्टर मी नीट केलं होतं, हे आधी सांगतो. म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील. चित्र एआयकडून काढून घेतलं, पण अक्षरांशिवाय, खाली जागा मोकळी सोडायला सांगून. त्या जागेत सगळी नावं मी स्वतः टाइप केली. हा नियम मीच इतरांना शिकवत असे. मी सांगायचो, हे यंत्र लिहीत नाही, लिहिल्यासारखं चित्र काढतं. आपल्याकडे वेलांटी एकीकडे, रफार डोक्यावर, अर्धं अक्षर दुसऱ्याच्या कडेवर, आणि इंग्रजीच्या मानाने मराठी पाट्या त्याने पाहिल्यात मोजक्या. मोठं शीर्षक कधी जमतं, बारीक ओळीत हमखास घोळ. जुन्या फॉन्टमध्ये मोबाइलवरचा मजकूर चिकटवला तर निराळाच कचरा होतो, म्हणून युनिकोडच वापरा, आणि छापायला देताना अक्षरांची आउटलाइन करा, म्हणजे छापखान्यात फॉन्ट बदलत नाही. असं सगळं मी नाकाने कांदे सोलत सांगायचो.

मालकांनी पोस्टर पास केलं. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला की मागचा रंग फिका आहे, जरा चमकवा. मूळ फाइल उघडायची, मागचं चित्र तेवढं बदलायचं, अक्षरांना हात लावायचा नाही, काम पाव तासाचं. पण दुकानात लग्नपत्रिकेवाले बसले होते आणि मला आळस नडला. तयार पोस्टरच मी एआयला दिलं आणि लिहिलं, रंग भडक कर, अक्षरं आहेत तशी ठेव. त्याने हो म्हटलं. हो म्हणायला त्याचं काय जातं? ते जुनी अक्षरं जागेवर ठेवत नाही, अख्खं पोस्टर पुन्हा नव्याने काढतं. मी ते मोबाइलवर तळहाताएवढं पाहिलं. नाटकाचं नाव ठसठशीत आणि बरोबर होतं. खाली ओळी होत्या, वर रेघ आणि रेघेला काहीतरी लोंबकळत होतं. मराठीच दिसत होती. पाठवून दिलं छापायला.

बाजाराच्या दिवशी बाई एकट्या आल्या, पिशवीत भाजी घेऊन. गावोगावची पोस्टरं तोवर गेली होती, माझ्याकडे थोडी उरली होती. मी एक उलगडून टेबलावर पसरलं. बाईंनी हात पदराला पुसले, मग खालच्या ओळीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

‘‘भाऊ, मले जोडाक्षरं जमत नाही. माहं नाव कोणतं हाय, वाचून देता का?’’

तेव्हा कुठे मी ती ओळ पहिल्यांदा पाहिली. तिथे नाव नव्हतं. अर्ध्या ‘क्ष’सारखा एक आकार, त्याला दोन मात्रा, पुढे कुठल्याच लिपीत नसलेली गाठ. आजूबाजूचीही नावं तशीच. दुकानात चार गिऱ्हाईकं उभी होती, मी मोहाडीतला नावाजलेला डिझाइनवाला, आणि बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी त्या गाठीखाली बोट ठेवलं आणि त्यांचं नाव वाचलं. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून वाचलं. त्यांनी माझ्यामागून ते म्हटलं. पोस्टर घडी न पाडता गुंडाळलं आणि गेल्या.

वेळ मारून नेली, पण ते डोक्यातून जाईना. चूक यंत्राची होती म्हणावं, तर वाचून यंत्राने दाखवलं नव्हतं. मी मूळ फाइल उघडली, बाईंच्या आणि इतरांच्या नावांच्या पट्ट्या नीट छापून आणल्या. दुसऱ्या दिवशी खळीचा डबा घेऊन गाडीवर निघालो आणि दिसेल त्या भिंतीवर, पानठेल्यावर, एसटीच्या थांब्यावर पट्ट्या चिकटवत गेलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, जरा दुरुस्ती आहे. एवढं खरं बोलायलाही जीभ अडखळत होती.

शेवटी बाईंचं घर. धानाची कापणी चालू होती, त्या नुकत्याच बांधीवरून परतल्या होत्या. पोस्टर समोरच्या भिंतीवर लावलेलं. त्याखाली त्यांची रंगाची पेटी, मेकअपचं सामान ठेवायची, पत्र्याची. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या, अजून ओलसर ऑइलपेंटने काहीतरी लिहिलं होतं. जवळ जाऊन पाहिलं. तो अर्धा ‘क्ष’, त्या दोन मात्रा, ती गाठ. पोस्टरवरून पाहून पाहून, हुबेहूब, एकही रेघ न चुकवता बाईंनी आपलं नाव काढलं होतं.

‘‘बराबर आलं का, भाऊ?’’ त्यांनी विचारलं.

मला रडू यायचं बाकी होतं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आळस केला, छापायच्या आधी वाचलं नाही, तुमच्या नावाच्या जागी नुसत्या रेघोट्या आल्या आणि त्या दिवशी मी खोटं बोललो. बाई ऐकत राहिल्या. पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘मंग तुमी त्या दिवशी वाचून कायले दिलं?’’

चार माणसांत माझी लाज राखायला, हे खरं उत्तर होतं आणि ते मी दिलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी पट्टी पुढे केली आणि सवयीने तिच्यावर बोट ठेवून वाचायला तोंड उघडलं. बाईंनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. कुंपणापाशी गेल्या आणि शेजारच्या अंगणवाडीच्या मॅडमना हाक मारली. त्या आल्या. बाईंनी पट्टी त्यांच्यासमोर धरली.

‘‘मॅडम, यावर काय लिवलं हाय, तेवढं सांगा,’’ त्या म्हणाल्या. ‘माझं नाव कोणतं’ असं त्यांनी या वेळी विचारलं नाही.

मॅडमनी वाचलं. नाव बरोबर होतं. बाईंनी मान डोलावली, घरातून घासलेटाचा बोळा आणला आणि माझ्याकडे न बघता पेटीचं झाकण पुसायला बसल्या.