पुसूनही भरलेला फोन

बदनापूरला आम्हा अंगणवाडी सेविकांची बैठक होती आणि माझा फोन नेमका त्याच दिवशी अडून बसला. माझ्या गावात नेटवर्क धड नसतं. मुलांची वजनं अ‍ॅपमध्ये भरून ठेवायची आणि बैठकीला आलं की पाठवायची, अशी आमची रीत. त्या दिवशी अ‍ॅप म्हणालं, आधी अपडेट करा. फोन म्हणाला, जागा नाही.

बसमध्ये बसल्यापासून मी फोटो पुसत होते. हात धुतानाचे, खिचडी वाढतानाचे, आणि तेच पुन्हा ग्रुपवरून आलेले. आम्हाला कामापेक्षा कामाचे पुरावेच जास्त! शेवटी आईच्या व्हिडिओवर बोट आलं. आई गेल्या उन्हाळ्यात गेली. तिचा चालताबोलता व्हिडिओ तेवढा एकच, आणि तोच सगळ्यात मोठा. वजनं आजच पाठवायची होती. डोळे मिटून पुसला.

बैठकीत पाहिलं तर जागा होती तेवढीच. मला इतका संताप आला की फोन भिंतीवर आपटावासा वाटला. आई घालवली आणि मिळालं काय?

शेजारच्या गावच्या सेविका, त्यांना आम्ही सगळ्या आपा म्हणतो, माझ्याकडे बघत होत्या.

"किती धुसफूस करून राह्यली! आन इकडं," म्हणत त्यांनी फोन घेतला. "हे बघ, पुसलेलं गेलंच न्हाई. समदं ट्रॅशमध्ये पडलंय. महिनाभर तिथंच ऱ्हातं, जागा बी खातं. करू रिकामं?"

"आपा, थांबा!"

मी फोन हिसकावलाच. ट्रॅश उघडला. आई तिथे होती. तिला परत गॅलरीत आणलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग बाकीचं खुशाल रिकामं केलं.

तरी अपडेटपुरती जागा होईना. आपांनी सेटिंगमधून व्हिडिओ बघायच्या अ‍ॅपची कॅश साफ केली.

"लवकर उघडावं म्हणून अ‍ॅप हे तात्पुरतं साठवून ठिवतं. गेलं तरी बिलकुल बिघडत न्हाई."

मला आता चेव आला होता. लगेच आमच्या कामाच्या अ‍ॅपवर गेले आणि 'डेटा साफ करा'वर बोट नेलं. आपांनी हातावर चापटच मारली.

"कॅश येगळी, डेटा येगळा! तुझी न पाठवलेली वजनं त्या डेटातच हायेत. मंग फिर पुन्हा काटा घेऊन दारोदार."

अपडेट झालं, वजनं गेली. पुढे सुपरवायझर मॅडम माहिती भरायच्या नव्या नमुन्याबद्दल सांगत होत्या, पण माझं लक्ष लागेना. फोन मांडीवर धरून, आवाज अगदी बारीक करून मी व्हिडिओ लावला. आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने वर पाहिलं आणि नेहमीसारखी डाफरली, "ठिव तो फोन खाली अन् शेंगा सोलू लाग."

मी फोन खाली ठेवला. हात मात्र रिकामेच राहिले.